रिपोर्ट नॉर्मल, पण कंबर काय सांगते?

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषणाचे शब्दांकन)

आपल्या केंद्रावर फोन येतात, त्यात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते पाठ झालं आहे. "ताई, पोटाची सोनोग्राफी केली होती दुसऱ्याच कारणासाठी, त्यात फॅटी लिव्हर ग्रेड एक असं लिहून आलंय. ते म्हणाले, हे सगळ्यांनाच असतं, काही नाही त्यात." आणि मग दबक्या आवाजात पुढचं वाक्य येतं, "आमच्या घरात तर कुणी दारूला शिवतसुद्धा नाही हो."

हे दुसरं वाक्य आधी बाजूला करू या, कारण त्यापायी कितीतरी जणी रिपोर्ट कपाटात घडी करून ठेवतात आणि घरी कुणाला दाखवत नाहीत. दारू न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरमध्येही चरबी साठते, सुजते, आणि तिथे वण तयार होतात. हे नीट नोंदवून त्याला नाव दिलं गेलं ते १९८० साली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. लुडविग आणि त्यांचे सहकारी यांनी असे वीस रुग्ण मांडले. त्यांच्या लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दारुड्याच्या लिव्हरसारखा दिसत होता आणि माणसं मात्र दारू पिणारी नव्हती. पुढे चाळीसेक वर्षं या आजाराच्या नावातच 'दारूमुळे नसलेला' असे शब्द होते. २०२३ साली तज्ज्ञांनी नाव बदललं आणि त्यात चयापचय, म्हणजे मेटाबॉलिझम, हा शब्द घातला. मला ते बरं वाटलं. आजाराचं नाव तो कशामुळे होतो ते सांगणारं असावं, कशामुळे होत नाही ते सांगणारं नसावं.

आता कशामुळे होतो ते पाहू. लिव्हर म्हणजे यकृत. उजव्या बाजूला फासळ्यांच्या आड असलेला, सव्वा-दीड किलोचा अवयव. निरोगी लिव्हरमध्ये चरबी अगदी थोडी असते. लिव्हरच्या शंभरातल्या पाचपेक्षा जास्त पेशींमध्ये चरबीचे थेंब दिसले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ही चरबी येते कुठून? विचारलं तर दहातल्या नऊ जणी सांगतील, तेलातुपातून. मग फोडणीचं तेल कमी होतं, पोळीवरचं तूप बंद होतं, आणि चहातली साखर तशीच राहते.

२००५ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हाच प्रश्न मोठ्या कष्टाने सोडवला. फॅटी लिव्हर असलेल्या नऊ जणांना खुणेचे अणू असलेला आहार दिला, आणि नंतर लिव्हरमधला थेंब न् थेंब कुठून आला ते मोजलं. जवळपास साठ टक्के चरबी शरीराच्या आधीच्याच साठ्यातून सुटून रक्तावाटे लिव्हरमध्ये आलेली होती. सुमारे पाव हिस्सा लिव्हरने स्वतः साखर आणि पिठूळ पदार्थांपासून बनवला होता. जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली चरबी होती फक्त पंधरा टक्के. माणसं थोडी होती, पण पद्धत पक्की होती, आणि हे गणित आजही धरून चाललं जातं. म्हणजे प्रश्न असा होतो की साठ्याची चरबी सुटते का, आणि लिव्हर साखरेची चरबी करत का सुटतं. दोन्हींचं उत्तर एकच आहे, इन्शुलिन.

इन्शुलिन म्हटलं की आपल्याला डायबेटिसचं इंजेक्शन आठवतं. पण ते आपल्या प्रत्येकीच्या स्वादुपिंडात रोज तयार होतं. जेवण झालं, रक्तात साखर चढली, की ते रक्तातून फिरत तीन ठिकाणी निरोप देतं. स्नायूंना सांगतं, साखर आत घ्या. चरबीच्या पेशींना सांगतं, आता बाहेरून खाणं आलंय, साठा उघडू नका. आणि लिव्हरला दोन गोष्टी सांगतं. एक, तू साखर बनवतोस ते थांबव. दोन, जास्तीचं जे येईल त्याची चरबी करून ठेव.

इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणजे हा निरोप ऐकू न येणं. स्नायू कमी असतील, बसून काम असेल, पोटावरची चरबी वाढली असेल, घराण्यात डायबेटिस असेल, तर पेशी हळूहळू बहिऱ्या होतात. स्नायू साखर पुरेशी आत घेत नाहीत. चरबीच्या पेशी साठ्याचं झाकण घट्ट लावत नाहीत, त्यामुळे चरबी रक्तात पाझरत राहते. ती जाणार कुठे? मोठा हिस्सा लिव्हरमध्ये. इकडे स्वादुपिंडाला वाटतं, आपला आवाज कमी पडतोय, म्हणून ते आणखी इन्शुलिन सोडतं, दुप्पट, तिप्पट.

आणि इथे लिव्हरचा बहिरेपणा मोठा विचित्र असतो. 'साखर बनवणं थांबव' हा निरोप त्याला ऐकू येत नाही, म्हणून ते रात्रभर साखर बनवत राहतं आणि सकाळची उपाशीपोटीची साखर वाढते. पण 'चरबी कर' हा निरोप मात्र त्याला व्यवस्थित ऐकू येतो, आणि इन्शुलिन जास्त असल्यामुळे तो मोठ्याने ऐकू येतो. म्हणजे एकाच वेळी साखरही बनते आहे आणि चरबीही. त्यात चरबीने भरलेलं लिव्हर आणखी बहिरं होतं. हे चक्र एकदा सुरू झालं की कुठून सुरू झालं ते शोधण्यात अर्थ नसतो.

आता कंबर. आपण वजनकाट्यावर फार विश्वास ठेवतो. पण आपल्या लोकांच्या बाबतीत काटा फसवतो, आणि याचा एक गंमतीदार पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन, दोघांची उंची-वजनाची पट्टी, म्हणजे बीएमआय, अगदी सारखी होती, २२.३. दोघांच्या शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्यात ती ९ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१ टक्के. २००४ साली दोघांच्या फोटोसकट हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आलं. हात-पाय बारीक, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली ठेवण. म्हणून "मी कुठे जाडी आहे?" हा प्रश्न आपल्याकडे पुरेसा नाही. जाड कुठे आहे, ते पाहावं लागतं.

मांडीवरची किंवा नितंबावरची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते, ती आपल्या जागी बसून राहते. पोटाच्या आत आतड्यांभोवती जी साठते ती वेगळी. ती लवकर सुटते, सूज वाढवणारे पदार्थ सोडते, आणि तिचं रक्त सरळ लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत उतरतं. ती डोळ्यांनी दिसत नाही, पण तिचा अंदाज देणारी सगळ्यात स्वस्त वस्तू तुमच्या शिवणाच्या डब्यात असते. मोजपट्टी. आपल्या देशातल्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटीमीटर धरली आहे, पट्टीवर इंच असतील तर साडेएकतीस. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर.

मोजताना एक चूक बहुतेक जणी करतात. पट्टी परकराच्या नाडीवर लावतात. नाडी आपण सोयीप्रमाणे खाली किंवा वर बांधतो, ती कंबर नव्हे. कुशीवर हात ठेवून सगळ्यात खालची फासळी चाचपा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. या दोहोंच्या बरोबर मध्ये पट्टी आडवी फिरवा. उघड्या अंगावर किंवा पातळ कपड्यावर, उभं राहून, पोट आत न ओढता, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पट्टी अंगाला लागलेली असावी, रुतलेली नको.

साडीबद्दल एक बोलते. पॅन्ट घालणाऱ्या माणसाला पट्ट्याचं भोक बदलावं लागलं की कळतं. साडीत ते कळतच नाही. नाडी सैल होत जाते, निऱ्या एखाददुसरी कमी पडते, ब्लाऊजला मात्र शिंपी दर दोन वर्षांनी माया सोडतो. पंधरा वर्षांत कंबर चार इंच वाढली तरी घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. त्यातून पाळी जाण्याच्या सुमारास चरबीची जागाच बदलते. जी मांड्यांवर बसत होती ती पोटाकडे वळते. तोवर बायकांना स्त्री-संप्रेरकांचं जे थोडं संरक्षण असतं, तेही जातं.

आणखी एक खूण सांगते, कारण ती आरशात दिसते. मानेवर मागे, काखेत, कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाड होते. मुली लिंबू लावतात, डाळीचं पीठ लावतात, आई म्हणते नीट घासून अंघोळ कर. तो मळ नसतो. बहुतेक वेळा ती जास्तीच्या इन्शुलिनची खूण असते आणि ती घासून जात नाही.

तर आता एका बाईंचे कागद पाहू. त्यांना सुमनताई म्हणू या. नाव खोटं आहे, आणि खरं तर या बाई म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या तिघी-चौघींची मिळून केलेली एक. वय ५२, उंची १५२ सेंटीमीटर, वजन ६० किलो. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. पोटात उजवीकडे दुखलं म्हणून पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली. खडे नव्हते, पण 'ग्रेड एक फॅटी लिव्हर' लिहून आलं. रक्त तपासलं. एसजीपीटी ३६, एसजीओटी ३८, दोन्हींची लॅबची मर्यादा ४०. प्लेटलेट एक लाख साठ हजार, मर्यादा दीड लाखाच्या वर. उपाशीपोटीची साखर १०८, तीन महिन्यांची सरासरी ६.२, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एकही आकडा ठळक छापलेला नव्हता. त्यांना सांगितलं गेलं, लिव्हर नॉर्मल आहे, तळलेलं कमी खा. त्या आनंदाने घरी गेल्या.

यात तीन ठिकाणी फसगत आहे, आणि तीनही अगदी रोजच्या आहेत.

पहिली, ग्रेड. आपल्याला वाटतं ग्रेड एक म्हणजे पहिली पायरी. तसं नाही. सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे पडद्यावर लिव्हर किती पांढरं चमकतंय ते, म्हणजे चरबी अंदाजे किती आहे ते. लिव्हरला इजा किती झाली, वण किती पडलेत, हे त्यात दिसत नाही. ग्रेड तीन असून वण अजिबात नसलेले लोक असतात आणि ग्रेड एक असून वण बरेच असलेलेही असतात. शिवाय चरबी पाव हिश्श्याच्या आसपास जाईपर्यंत साधी सोनोग्राफी ती नीट पकडतही नाही. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की लिव्हर पुरतं कडक झाल्यावर, म्हणजे सिरॉसिस झाल्यावर, त्यातली चरबी पुष्कळदा कमी होते. ग्रेड तीनचा एक झाला म्हणून पेढे वाटण्याआधी वजन खरंच कमी झालंय का, ते बघा.

दुसरी फसगत एसजीपीटीची. लिव्हरच्या पेशी फुटल्या की हा पदार्थ रक्तात येतो. पण लॅबची ४० ची मर्यादा ज्या लोकांवरून ठरली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना फॅटी लिव्हर असणारच. निरोगी बाईचा एसजीपीटी साधारण पंचविसाच्या आत असावा असं आता पुष्कळ तज्ज्ञ मानतात. आणि वण वाढत गेले की हा आकडा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो.

तिसरी फसगत म्हणजे आकडे सुटे सुटे पाहणं. वण वाढतात तसं लिव्हरमधून रक्त वाहायला अडथळा होतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट अडवून धरते, म्हणून त्या कमी होत जातात. एसजीओटी हा एसजीपीटीच्या तुलनेत वर सरकतो. आणि वय जितकं जास्त तितका आजाराला वेळ मिळालेला असतो. हे चारही आकडे एकत्र घेऊन एक हिशोब करतात, त्याला फिब-फोर म्हणतात. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

(वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट हजारांत × √एसजीपीटी)

सुमनताईंचं करू. ५२ गुणिले ३८ म्हणजे १९७६. आता खालचं. एसजीपीटी ३६, त्याचं वर्गमूळ ६. प्लेटलेट एक लाख साठ हजार, म्हणजे १६०. १६० गुणिले ६ म्हणजे ९६०. १९७६ भागिले ९६० म्हणजे २.०६.

१.३ च्या आत आकडा आला तर सध्या मोठे वण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर आला तर पोटविकारतज्ज्ञांकडे लगेच जायचं. मध्ये आला तर पुढची तपासणी हवी. म्हणजे ज्या रिपोर्टमध्ये एकही ठळक आकडा नाही, तोच रिपोर्ट एकत्र वाचला तर 'अजून तपासा' असं म्हणतो आहे.

या हिशोबाच्या मर्यादाही ऐका, नाहीतर उद्या अर्धा गाव घाबरून फोन करील. पस्तिशीच्या आतल्या मुलींना तो लागू पडत नाही. पासष्टीनंतर वयामुळेच आकडा वाढतो, म्हणून तिथे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. आणि ताप येऊन गेल्यावर, विशेषतः पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेल्यावर, हा हिशोब करूच नका. प्लेटलेट पडलेल्या असतात, एसजीओटी चढलेला असतो, भलताच आकडा येतो. अंग पूर्ण बरं होऊन काही आठवडे गेले की मग रक्त द्या. हा आकडा निदान करत नाही, पुढे कुणाला तपासायचं ते ठरवतो.

पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. दिसायला सोनोग्राफीसारखीच. फासळ्यांच्या मधल्या जागेवर एक टोक टेकवतात, बारीक टिचकी मारल्यासारखं जाणवतं, आणि ती लाट लिव्हरमधून किती वेगाने जाते त्यावरून लिव्हर किती कडक आहे ते कळतं. मऊ लिव्हरमधून लाट सावकाश जाते, कडकमधून वेगात. तीन तास उपाशी राहून जायचं, कारण जेवल्यावर लिव्हरचं रक्त वाढून आकडा उगाच चढतो. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. आठच्या आत असेल तर बहुधा ठीक, बाराच्या वर असेल तर वण बरेच पुढे गेलेले असण्याची शक्यता मोठी. सुमनताईंचा आला ९.४.

आता त्या विचारतात, आणि तुम्हीही विचाराल, की इतकं झालं तर दुखलं कसं नाही? कारण लिव्हरच्या आत दुखण्याच्या नसा नाहीत, त्या फक्त वरच्या पातळ आवरणात आहेत. आणि लिव्हरची ताकद गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असते. बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला काम ओढून नेतो. आत मात्र क्रम चालू असतो. आधी नुसती चरबी. मग काही जणींमध्ये त्या चरबीने पेशी फुगतात, मरतात, सूज येते. सूज शमवण्यासाठी शरीर तिथे वणाचं चिवट जाळं विणतं, जसं भाजल्यावर कातडीवर येतं. हे जाळं चार पायऱ्यांनी मोजतात, चौथी पायरी सिरॉसिसची. नुसती चरबी असताना एक पायरी चढायला सरासरी चौदा वर्षं लागतात, सूज असेल तर सात. ही सरासरी आहे. बहुतेकींचं कधीच तिथवर जात नाही, तर काहींचं फार भराभर जातं, आणि डायबेटिस असेल तर भराभर जाणाऱ्यांत आपण असण्याची शक्यता वाढते. सिरॉसिस झाल्यावरही काही वर्षं काहीच जाणवत नाही. मग एके दिवशी पोटात पाणी होतं, पाय सुजतात, काळी डांबरासारखी शौच होते किंवा रक्ताची उलटी होते, डोळे पिवळे होतात, बोलण्यात भ्रम येतो. घरचे म्हणतात अचानक झालं. अचानक काही नसतं, वीस-पंचवीस वर्षांचं ते काम असतं.

यातल्या मधल्या पायऱ्या मागे फिरतात, म्हणून तर हे सगळं सांगते आहे. सुमनताईंचं वजन ६० किलो. तीन ते पाच टक्के, म्हणजे दोन-तीन किलो, उतरले तर लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. सात टक्के, म्हणजे सव्वाचार किलोच्या आसपास, उतरले तर बहुतेकींची सूज शमते. दहा टक्के, म्हणजे सहा किलो, उतरवणाऱ्यांमध्ये वणही कमी झालेले दिसले आहेत. हे आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेगाने करू नका. कडक उपासाने वजन भराभर पाडलं तर साठ्याची चरबी एकदम सुटून लिव्हरवरच येते, शिवाय पित्ताचे खडे होतात ते वेगळेच.

त्यांच्याकडे आम्ही ताट बदललं नाही, चहा बदलला. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर रोजची पन्नास ग्रॅम, महिन्याची दीड किलो. साखरेच्या निम्म्यात फ्रुक्टोज असतं, आणि त्याचं बहुतेक सगळं लिव्हरलाच निस्तरावं लागतं, तिथे त्याची चरबी सहज होते. गुळाने यात फरक पडत नाही, आणि पाकिटातल्या फळांच्या रसानेही नाही. पाचाचे दोन कप केले, त्यात अर्धा चमचा. दुसरं, उपास. आठवड्याला दोन उपास आणि दोन्ही दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर रताळ्याच्या गोड फोडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ, बटाट्याहूनही मोकळं. देवाला उपास पोचत असेल, लिव्हरला मात्र त्या दिवशी जास्तीचं काम पडतं. त्या आता राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही-काकडी करतात, आणि खिचडी एकादशीपुरती ठेवली आहे. तिसरं, रात्रीच्या जेवणात भाताचा डोंगर होता, तो वाटीवर आणला आणि उसळ वाढवली.

चालणं होतंच त्यांचं, पण निवांत, बोलत बोलत. ते रोज अर्धा तास झपझप केलं. त्याला जोडून आठवड्यातून तीनदा स्नायूंचं काम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, दोन पाण्याच्या बाटल्या उचलणं. स्नायू वाढले की साखरेला जायला जागा होते, आणि वजन न उतरताही लिव्हरची चरबी थोडी कमी होते. "घरकाम करतेच की" असं म्हणू नका. घरकामाने थकवा येतो, धाप लागत नाही.

अकरा महिन्यांनी त्यांचं वजन साडेपंचावन्न होतं, कंबर ९१ वरून ८४. फायब्रोस्कॅन ७.१. यातला काही भाग सूज उतरल्याने आला असेल, सगळे वणच गेले असं मी म्हणणार नाही. त्यांना वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा यायला सांगितलं आहे.

औषधांचं विचाराल तर वण पुढे गेलेल्यांसाठी आता काही औषधं निघाली आहेत, ती तज्ज्ञच ठरवतील. जाहिरातीतली लिव्हर टॉनिकं आणि काढे मात्र स्वतःहून घेऊ नका. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेत असलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, त्यावर बरीच वादावादी झाली. माझं म्हणणं एवढंच, लिव्हर आधीच आजारी असताना त्याच्यावर प्रयोग नकोत. काळी किंवा कमी साखरेची कॉफी आवडत असेल तर खुशाल घ्या, ती लिव्हरला मानवते.

शेवटी, सुरुवात कुठून करायची ते. तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आशाताई एक फॉर्म घेऊन घरी येतात, त्यात कंबर मोजायचीच असते. ८० पर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्यावर दोन. बऱ्याच घरी आपणच म्हणतो, "राहू द्या हो, लिहा अंदाजे." तसं करू नका, पट्टी लावून घ्या. २०२१ पासून फॅटी लिव्हर हा आजार सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात धरला आहे, त्यामुळे आरोग्य केंद्रात त्याबद्दल विचारायला संकोच नको. कंबर ८० च्या वर असेल आणि त्याबरोबर डायबेटिस, उंबरठ्यावरची साखर, पीसीओडी, गरोदरपणात झालेला डायबेटिस किंवा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर यातलं एक जरी असेल, तर एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एकाच दिवशीच्या रक्तातून करून घ्या, आणि रिपोर्ट दाखवताना विचारा, "फिब-फोर किती येतो?" गणित जमत नसेल तर तिन्ही आकडे आणि वय कागदावर लिहून पुढच्या बुधवारच्या कार्यक्रमात फोन करा. आपण मिळून करू.